नमुना बाजूला, नियम समोर

आमची कंपनी औद्योगिक पंप बनवते. संकेतस्थळ नव्याने करायला घेतलं तेव्हा त्यात कर्मचाऱ्यांच्या परिचयांचं एक पान आलं आणि एचआरकडून सगळ्यांना मेल गेली: सोबतचा परिचय तपासा, बदल कळवा, शैलीपुस्तिका जोडली आहे. परिचय आमच्या वतीने आधीच लिहून ठेवलेला होता. माझा असा होता:

> (पूर्ण नाव) या उत्पादन विश्वासार्हता विभागात वरिष्ठ अभियंता म्हणून कार्यरत असून त्यांना पंप तंत्रज्ञान क्षेत्रातील व्यापक अनुभव आहे. गुणवत्ता, सातत्य आणि ग्राहककेंद्री दृष्टिकोन ही त्यांच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये आहेत. विविध उद्योगांतील ग्राहकांसाठी त्यांनी अनेक आव्हानात्मक प्रकल्प यशस्वीरीत्या हाताळले आहेत. त्यांनी यंत्र अभियांत्रिकीत पदवी संपादन केली आहे. कामाव्यतिरिक्त त्यांना वाचन, प्रवास आणि संगीताची आवड आहे.

यात तसं खोटं काही नाही. (संगीत सोडून. ते कुठून आलं मला माहीत नाही.) पण माझं नाव काढून तिथे हिशेब विभागातल्या एकीचं नाव घातलं, विभाग बदलला आणि 'पंप तंत्रज्ञान'च्या जागी 'वित्त व्यवस्थापन' लिहिलं, तर परिचय तसाच्या तसा तिला बसत होता. मी ते करून तिला पाठवलंही. तिचं उत्तर आलं, "अगं, मला आलाय तो हाच आहे."

माझं खरं काम सांगायचं तर ग्राहकाकडे बंद पडलेले पंप आमच्याकडे परत येतात आणि ते का बंद पडले हे मी शोधते. या कामाचा मागमूसही वरच्या मजकुरात नव्हता. हे बदलायचं ठरवलं, पण पुस्तिकेला बगल देऊन नव्हे. कारण पुस्तिका का आली हे मी पाहिलेलं होतं. जुन्या संकेतस्थळावर एका व्यवस्थापकांचा परिचय दोन ओळींचा, तर त्यांच्या शेजारी दुसऱ्यांचा पानभर, पुरस्कारांच्या यादीसकट. कुणी 'मी'ने सुरुवात केलेली, कुणी स्वतःविषयी 'ते'. एकाने तर परिचयात चारोळी घातली होती. निविदेसोबत टीमची माहिती जोडायची वेळ आली की कुणीतरी रात्री बसून हे सगळं एका साच्यात आणायचं. त्या 'कुणीतरी'मध्ये मीही असायचे, त्यामुळे एकसारखेपणाची गरज मला पटवून द्यावी लागत नव्हती.

मग पुस्तिकेतला परिचयांचा भाग नीट वाचला. जेमतेम दीड पान. नियम असे: परिचय सत्तर ते नव्वद शब्दांचा. तृतीयपुरुषी, वर्तमानकाळात, आदरार्थी बहुवचनात. पहिल्या वाक्यात पूर्ण नाव, एचआरच्या नोंदीप्रमाणे पद, आणि जबाबदारी. 'इतक्या वर्षांचा अनुभव' लिहायचं नाही, रुजू झाल्याचं वर्ष लिहायचं, म्हणजे दरवर्षी मजकूर शिळा होत नाही. ग्राहकाचं नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. ज्याचा पुरावा दाखवता येणार नाही असा दावा नाही. 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य' अशी विशेषणं नाहीत. उद्गारचिन्ह, प्रश्न, विनोद नाही. तांत्रिक शब्द आला तर त्याच वाक्यात उलगडायचा. कुटुंबाचे तपशील सुरक्षिततेच्या कारणाने वगळायचे. शेवटी, हवं असल्यास, कामाबाहेरच्या आवडीचं एक वाक्य.

आणि या नियमांखाली चौकटीत एक नमुना परिचय.

घोळ सगळा त्या चौकटीत होता, हे माझ्या दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. 'व्यापक अनुभव', 'कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये', 'यशस्वीरीत्या हाताळले', 'वाचन, प्रवास आणि' हे सगळं नमुन्यातून आलेलं होतं. नियमांत यातलं काहीच नव्हतं. 'कार्यरत असून' लिहा असं कुठे म्हटलेलं नाही. तीन भाववाचक नामं ओळीने मांडा असंही नाही. उलट पुराव्याचा नियम काटेकोर लावला तर 'व्यापक अनुभव' आणि 'यशस्वीरीत्या' हे दोन्ही शब्द नमुन्यालाच गाळावे लागले असते. पण नियम वाचायला वेळ लागतो आणि नमुना समोर तयार असतो, म्हणून एचआरने नमुना उचलला आणि नावं बदलत गेले. मी नमुन्यावर कोरा कागद ठेवला आणि फक्त नियमांचीच एक प्रत छापून घेतली. त्या प्रतीत बंधन होतं ते पुरुषाचं, काळाचं, लांबीचं, पहिल्या वाक्याच्या घडणीचं. माझ्या कामातलं काय निवडायचं आणि कुठल्या क्रियापदाने सांगायचं याबद्दल ती प्रत गप्प होती.

लिहायला बसले तर पहिले प्रयत्न पुन्हा 'अनुभव' आणि 'कौशल्य' याच वळणावर जायला लागले. स्वतःबद्दल लिहिताना हात आपोआप सरकारी होतो. म्हणून लिहिणं थांबवलं आणि कच्चा माल गोळा केला. माझ्या जुन्या तपासणी अहवालांतली पहिली वाक्यं काढली, सहकाऱ्यांना पाठवलेल्या मेल चाळल्या, आणि आमच्या तपासणी कक्षातल्या एका जुन्या तंत्रज्ञांना विचारलं, "नवीन पोरगा आला आणि मॅडम काय करतात असं त्याने विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?"

ते म्हणाले, "सांगेन की मॅडम पंप लगेच उघडू देत नाहीत. आधी जिथून आलाय तिथे फोन लावतात. तोवर पान्याला हात लावायचा नाही."

मला स्वतःला हे सुचलं नसतं, कारण माझ्यासाठी ती फक्त सवय आहे. पंप उघडला की आतली परिस्थिती दिसते, पण ती कशामुळे झाली हे पंप नेहमी सांगत नाही. इंपेलरवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांवर, बारीक खड्डे पडलेले दिसले तर बहुतेकदा कॅव्हिटेशनचा संशय येतो: पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला की द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात आणि फुटताना धातू टोकरत जातात. पण तोंडाशी दाब का उतरला? गाळणी तुंबली, झडप अर्धवट उघडी राहिली, टाकीची पातळी खाली गेली, कुणी शोषणाचा पाइप लांबवला. हे पंपाच्या पोटात लिहिलेलं नसतं. ते पंप चालवणाऱ्या माणसाला माहीत असतं, आणि 'आवाज कधी बदलला?' असं विचारलं की तो बरोबर सांगतो, "खडी भरल्यासारखा वाजायला लागला तो त्या दुरुस्तीनंतर."

तंत्रज्ञांच्या त्या दोन वाक्यांत माझी कामाची पद्धत होती, तिचं कारण होतं आणि थोडासा हेकटपणाही होता. परिचयाचा मधला भाग तिथून उभा राहिला.

पहिला मसुदा मुद्दाम 'मी'ने लिहिला, नियम माहीत असूनही. मला बघायचं होतं की 'त्या' करताना काय टिकतं आणि काय मरतं. हा भाग मला अपेक्षेपेक्षा जास्त शिकवून गेला. मसुद्यात अशी वाक्यं होती:

"पंप उघडण्याआधी मी तो चालवणाऱ्या माणसाशी बोलते." याचं "त्या बोलतात" झालं आणि काहीच बिघडलं नाही.

"मला बंद पडलेली यंत्रं चालू यंत्रांपेक्षा जास्त आवडतात." याचं "त्यांना बंद पडलेली यंत्रे अधिक आवडतात" झालं आणि लगेच विचित्र वाटायला लागलं. 'मी' म्हणते तेव्हा ती गंमत असते. कंपनी म्हणते तेव्हा ती तक्रार वाटते.

"माझं हस्ताक्षर वाचता न आल्याने अहवाल टंकित करण्याची प्रथा आमच्या विभागात माझ्यामुळे सुरू झाली." स्वतःवरचा हा विनोद तृतीयपुरुषात टिकूच शकत नाही. तिथे कंपनी आपल्याच माणसाची चेष्टा करते आहे असं वाटतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे लाडिकपणे कौतुक करते आहे असं.

"माझं ठाम मत आहे की पंप एकटा कधीच बिघडत नाही." हे "त्यांचे ठाम मत आहे" झालं तेव्हा भाषणाच्या व्यासपीठावर गेलं.

म्हणजे मत, भावना आणि स्वतःची थट्टा 'मी'शिवाय जगत नाहीत. सवय, कृती, विचारलेला प्रश्न, हाताळलेली वस्तू ही मात्र पुरुष बदलला तरी जशीच्या तशी राहतात. तृतीयपुरुषात आपला सूर जातो अशी तक्रार मी ऐकली होती आणि थोडी केलीही होती. पण जातं ते एवढंच. उरतं ते पुष्कळ असतं, आणि नमुन्याने नेमकं तेच वापरलेलं नसतं.

विक्री विभागातल्या एका सहकाऱ्याचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. त्याने परिचय लिहून पाठवला: 'मी पंप विकत नाही, मी शांत झोप विकतो!' एका वाक्यात प्रथमपुरुष, दावा आणि उद्गारचिन्ह. कम्युनिकेशन्सने सगळं काढलं आणि हाती नमुना परत आला. तो वैतागून माझ्याकडे आला. त्याने आपला सूर नेमका तिथेच ठेवला होता जिथे नियमांची कात्री चालणार होती. मी त्याला विचारलं की पहिल्या भेटीत तू ग्राहकाकडे काय घेऊन जातोस. म्हणाला, "काहीच नाही. कॅटलॉग नेला की माणूस कॅटलॉगच बघत बसतो. मी आधी त्यांचं पंपघर बघून येतो." हे लिही म्हटलं. 'पहिल्या भेटीत ते कॅटलॉगऐवजी ग्राहकाचे पंपघर पाहतात' हे वाक्य पुढे एकाही खुणेशिवाय मंजूर झालं. झोपेचं वाक्य मला तरी फारसं आवडलं नव्हतं. ते त्याचं वाटत नव्हतं, जाहिरातीचं वाटत होतं.

पहिलं वाक्य सगळ्यात अवघड गेलं. संकेतस्थळावर आधी सगळ्यांची कार्डं दिसतात आणि कार्डावर परिचयाची सुरुवातीची शंभर-एक अक्षरं येतात. पुढचा मजकूर तीन टिंबांत जातो. माझं पूर्ण नाव, मग 'या उत्पादन विश्वासार्हता विभागात वरिष्ठ अभियंता म्हणून कार्यरत असून' इथपर्यंत येईतो कार्ड संपत होतं. म्हणजे सगळ्यांची कार्डं 'कार्यरत असून त्यांना…' इथे तुटलेली. पद तर फोटोखाली वेगळ्या रकान्यात छापलेलं होतंच. मी संपादकांना विचारलं की मग पहिल्या वाक्यातून पद गाळलं तर चालेल का. त्या नाही म्हणाल्या आणि कारणही दिलं: हाच मजकूर परिषदेच्या पत्रिकेत आणि निविदेत एकटा जातो, तिथे फोटोखालचा रकाना नसतो. सूत्रसंचालक मंचावरून तो मोठ्याने वाचतो. पद नसेल तर लोक विचारतात, ह्या कोण?

हे पटलं. तेव्हा पद ठेवून बाकीची चरबी काढली. 'या' गेलं, 'विभागात … म्हणून कार्यरत' याचं 'विभागातील … असून' झालं, आणि लगेच क्रियापद: 'बिघडलेल्या पंपांची तपासणी करतात.' आता कार्डावर माझं काम दिसत होतं. मोठ्याने वाचून पाहण्याचा एक फायदा या निमित्ताने कळला. प्रत्येक वाक्य 'आहे' किंवा 'आहेत'वर संपत असेल तर कानाला ते लगेच खटकतं. डोळ्यांना खटकत नाही. करतात, बोलतात, वापरले जातात असे वेगवेगळे शेवट मिळाले की तोच सत्तर-ऐंशी शब्दांचा मजकूर चालायला लागतो.

मसुदा पाठवला. परत आला तेव्हा बऱ्याच खुणा होत्या. त्यातल्या बहुतेक मी वाद न घालता घेतल्या: टंकलेखनाच्या चुका, 'पाइप'चं ऱ्हस्वदीर्घ, अंक कसे लिहायचे ते. कंपनीच्या कागदावर कंपनीचं शुद्धलेखन. तिथे 'माझी शैली' म्हणून हट्ट धरणं मला तरी पोरकट वाटतं, आणि त्या हट्टात पुढच्या, खऱ्या भांडणासाठीची पत वाया जाते.

एक आकडा गेला. मी 'हजारांहून अधिक पंप तपासले' लिहिलं होतं. त्यांनी समासात विचारलं, नोंद कुठे? नोंदी विभागाच्या नावावर आहेत, माझ्या एकटीच्या नाहीत. वाक्य काढलं. त्याच्या जागी दुसरं, सहज सिद्ध होणारं आलं: तपासणीतले निष्कर्ष रचना विभागाच्या नव्या आराखड्यांत वापरले जातात. रचना विभागाच्या बदलनोंदींत आमच्या अहवालांचे क्रमांक असतात, ते दाखवले. खरं तर आकड्यापेक्षा हे वाक्य माझ्याबद्दल जास्त सांगतं, कारण आकड्याने फक्त मी किती वर्षं बसले आहे हे कळलं असतं.

मग विधी विभाग. त्यांनी दोन जागी बोट ठेवलं. एक, 'बिघडलेले पंप'. कंपनीच्याच पानावर कंपनीचे पंप बिघडतात असं का लिहायचं? मला आधी हसू आलं. पंप बिघडतात हे प्रत्येक ग्राहकाला माहीत असतं. पण माझा मुद्दा मी हसण्यावर नेला नाही आणि 'माझा सूर' यावरही नेला नाही. पुस्तिकेतल्याच नियमावर नेला: पहिल्या वाक्यात जबाबदारी वाचकाला कळली पाहिजे. त्यांनी सुचवलेलं 'उत्पादनांच्या कार्यक्षमतेचे मूल्यमापन' हे वाचून मी नव्या पंपांची चाचणी घेते असं वाटलं असतं, आणि ते चूक आहे. मग मधला शब्द शोधला: 'वापरानंतर परत आलेले पंप'. परत का आले हे वाचकाला कळतं, आणि कंपनीने काही कबूल केलेलं नाही. दोघांनाही चाललं.

दुसरी जागा होती ते माझं लाडकं वाक्य. 'ठाम मत' काढून मी ते जरा सौम्य करून ठेवलं होतं: 'पंप एकटा बिघडत नाही, त्याच्याभोवतीची यंत्रणाही तपासावी लागते, या तत्त्वाने त्या काम करतात.' विधी विभागातल्या गृहस्थांनी मला फोनच केला. म्हणाले, "मॅडम, उद्या वॉरंटीचा वाद झाला. ग्राहक म्हणतो पंप सदोष होता, तुमचा अहवाल म्हणतो जोडणी चुकली होती. समोरचा वकील हे पान उघडून दाखवेल. म्हणेल, यांचं तर ठरलेलंच आहे, तपासायच्या आधीच दोष ग्राहकावर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बरोबर होते. परिचय लिहिताना मी वाचक म्हणून नवीन ग्राहक, नोकरीला येऊ पाहणारी मुलं, फार तर परिषदेतले श्रोते एवढेच धरले होते. भांडायला आलेला वाचकही तोच मजकूर वाचतो, आणि ज्याचं काम निवाडा देण्यासारखं असतं त्याच्या प्रत्येक वाक्यात तो पूर्वग्रह शोधणार. वाक्य काढलं. नव्या अभियंत्यांना मी जे टिपण देते त्याच्या पहिल्या ओळीत ते आता आहे, आणि तिथे ते 'मी'नेच लिहिलेलं आहे.

मात्र तत्त्व गेलं तरी सवय राहिली होती. 'पंप उघडण्याआधी त्या चालवणाऱ्या माणसाशी बोलतात' हे वाक्य त्याच फोनवर मी वाचून दाखवलं. "हे उत्तम आहे," ते म्हणाले. "यात तुम्ही ऐकून घेता असं दिसतं." तोच विचार, फक्त निष्कर्ष म्हणून नाही, कृती म्हणून.

राहिलं शेवटचं वाक्य. कामाबाहेरच्या आवडीचं. पुस्तिकेने इथे मोकळीक दिलेली असते आणि लोक इथेच सगळ्यात जास्त सारखे होतात. आवडींची तीन नावं ओळीने आली की ती कुणाचीच राहत नाहीत. वाचन कशाचं, प्रवास कुठे, हे नसतं. आणि तिन्ही बसवण्याच्या नादात एकीलाही क्रियापद मिळत नाही. मी एकच गोष्ट घेतली. मी जुनी घड्याळं उघडत बसते. दुरुस्त करते म्हणणं अतिशयोक्ती होईल. तेव्हा लिहिलं: 'कामाबाहेर त्या जुनी घड्याळे उघडतात; त्यांतली काही पुन्हा चालतात.'

संपादकांनी ते बदलून 'जुनी घड्याळे दुरुस्त करण्याची त्यांना आवड आहे' केलं आणि समासात लिहिलं: विनोद टाळावा.

हे एकच ठिकाण होतं जिथे मी माघार घ्यायची नाही असं ठरवलं. त्यांच्याकडे जाऊन बसले. म्हटलं, विनोदाच्या नियमामागे काय आहे? त्या म्हणाल्या, विनोद दुसऱ्या भाषेत गेला की मरतो, काहींना लागतो, आणि वर्षभरात जुना होतो. मी म्हटलं, या वाक्याला हे तिन्ही लावून बघा. यात शब्दांवरची कोटी नाही, त्यामुळे कुठल्याही भाषेत जाईल. कुणाची चेष्टा नाही. आणि घड्याळं दरवर्षी अशीच राहणार, काही चालणारी, काही न चालणारी. शिवाय पुराव्याचा नियम लावला तर तुमचं वाक्य अडचणीत येतं. सगळी दुरुस्त होतात असा त्याचा अर्थ निघतो. त्या हसल्या. "पण एकच वाक्य हवं," म्हणाल्या. मी अर्धविरामाकडे बोट दाखवलं.

ते राहिलं. या परिचयातला माझा सूर मला विचाराल तर मी मधल्या भागापेक्षा त्या अर्धविरामानंतरच्या चार शब्दांकडेच बोट दाखवीन. कोरडेपणाने सांगितलेली खरी गोष्ट पुस्तिकेच्या एकाही नियमात अडकत नाही. डोळा मारून सांगितली की अडकते.

सगळ्या खुणा मिटल्यावर पानावर गेला तो मजकूर असा:

> (पूर्ण नाव) उत्पादन विश्वासार्हता विभागातील वरिष्ठ अभियंता असून वापरानंतर परत आलेल्या पंपांची तपासणी करतात. पंप उघडण्याआधी त्या तो चालवणाऱ्या माणसाशी बोलतात: आवाज केव्हा बदलला, पाणी कुठून येत होते, पाइपलाइनमध्ये अलीकडे काय फेरफार झाला. कॅव्हिटेशनने, म्हणजे द्रवात तयार होऊन फुटणाऱ्या बुडबुड्यांनी, झिजलेली पंपाची फिरती पाती हा त्यांचा विशेष अभ्यासविषय आहे. त्यांच्या तपासणीतील निष्कर्ष रचना विभागाच्या नव्या आराखड्यांत वापरले जातात. त्यांनी यंत्र अभियांत्रिकीत पदवी घेतली असून 2011 पासून त्या कंपनीत आहेत. कामाबाहेर त्या जुनी घड्याळे उघडतात; त्यांतली काही पुन्हा चालतात.

नियमांच्या छापील प्रतीवर एकेक नियम घेऊन टिक करत गेले. सगळे बसले. मग पहिलीच चाचणी पुन्हा केली: हिशेब विभागातल्या मैत्रिणीचं नाव घालून बघितलं. पहिल्याच वाक्यात अडलं. तंत्रज्ञांना नाव झाकून वाचायला दिलं, तर ते दुसऱ्या वाक्यावर थांबून म्हणाले, "हे तर आपलंच आहे."

काही गोष्टी मात्र शेवटपर्यंत बसल्या नाहीत. 'त्या'चा आदरार्थी सूर मला अजूनही जरा कडक इस्त्रीचा वाटतो. कक्षात मला कुणी असं बोलत नाही. 'विशेष अभ्यासविषय' हा शब्द माझा नाही. संपादकांनी सुचवला आणि मला त्याहून बरा मिळाला नाही, कारण 'यात मला गती आहे' हे मतच झालं असतं. आणि कॅव्हिटेशनचा उलगडा एका वाक्यात करताना दाबाचा भाग गाळावा लागला, त्यामुळे एखादा जाणकार वाचक म्हणेल की अर्धवट आहे. तो बरोबर असेल. त्या एका वाक्यात याहून जास्त बसलं नसतं.

त्यानंतर संपादकांनी पुस्तिकेतली चौकट बदलली. पूर्ण नमुना काढून टाकला आणि तिथे प्रश्न घातले: तुमच्या हाताखाली रोज कुठली वस्तू येते? काम सुरू करताना तुम्ही सगळ्यात आधी काय करता? तुमच्या कामाचा परिणाम पुढे कुणाच्या कागदावर दिसतो? उत्तरं क्रियापदासकट द्यायची, विशेषणं त्या नंतर बघतील. या प्रश्नांवरून आलेले नवे परिचय मी वाचले. सगळे चांगले नाहीत. काहींनी प्रश्नांची उत्तरं परीक्षेत देतात तशी दिली आहेत आणि ती तशीच एकाखाली एक लागली आहेत. पण भांडार विभागातल्या एकाने लिहिलंय की माल ताब्यात घेताना ते आधी खोक्याची खालची बाजू बघतात. आमच्याकडे ओलावा कुठून येतो हे ज्याला माहीत आहे तोच असं लिहील.

वार्षिक फेरतपासणी आता जवळ आली आहे. माझ्याकडे नव्या अभियंत्यांच्या प्रशिक्षणाचं काम आलंय, ते परिचयात घालायचं तर थोडी जागा करावी लागेल. पदवी जाईल असं दिसतंय. पुस्तिकेत ती ऐच्छिकच आहे. नमुन्यात होती म्हणून सगळ्यांनी लिहिली.